एक खुर्ची, एक डॉक्टर: दातांच्या दवाखान्यात अपॉइंटमेंटच्या वेळा कशा लावायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या वहिनीचा तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना आहे. खुर्ची एकच, डॉक्टर एकच, मदतीला एक असिस्टंट. अपॉइंटमेंटची वही मी सांभाळतो, आणि त्या वहीचा पुढे जो छोटा प्रोग्रॅम झाला तोही मीच लिहिला. आसपासचे डॉक्टर आणि त्यांच्या रिसेप्शनवर बसणारी मंडळी मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. उदाहरणं दातांची आहेत, कारण माझं रोजचं काम तेच आहे.

## सगळ्यांना सरळ अर्ध्या अर्ध्या तासाचा स्लॉट दिला तर काय बिघडतं?

टाके काढायला दहा मिनिटं लागतात आणि रूट कॅनालला पाऊण तास. दोघांना अर्धा तास दिला की पहिल्याच्या वेळी खुर्ची रिकामी राहते आणि दुसऱ्याच्या वेळी बाहेर गर्दी होते. हे हिशेबात जुळेल असं वाटतं, कारण सरासरी अर्ध्या तासाच्या जवळपासच येते. पण ते जुळत नाही. सव्वापाचला रिकामी राहिलेली पंधरा मिनिटं पावणेआठला वापरता येत नाहीत. गेलेला वेळ गेला. उशीर मात्र पुढच्या प्रत्येक पेशंटकडे सरकत जातो. म्हणून एकाच संध्याकाळी डॉक्टर काही वेळ रिकाम्या बसलेल्या आणि नंतर पेशंट ताटकळलेले, अशा दोन्ही गोष्टी दिसतात. त्या दिसल्या की पेशंट जास्त झालेत असं लगेच समजू नका, आधी स्लॉटची लांबी तपासा.

## मग कोणत्या कामाला किती वेळ द्यायचा, हे ठरवायचं कसं?

डॉक्टरांना विचारून ठरवू नका. वहिनी "फिलिंगला वीस मिनिटं" म्हणायची आणि तिच्या दृष्टीने ते खरंच होतं, कारण तिच्या हातात ड्रिल असतं तेवढाच वेळ ती मोजत होती. भूल चढायची वाट, मधला एक्स-रे, पेशंटच्या शंका, औषधं लिहून देणं, हे तिच्या हिशेबात नव्हतं.

दोन आठवडे असिस्टंटला तीन वेळा टिपायला सांगा: पेशंट खुर्चीत बसला ती वेळ, उठला ती वेळ, आणि पुढच्यासाठी खुर्ची तयार झाली ती वेळ. पहिल्या दोन वेळांतलं अंतर म्हणजे काम. दुसऱ्या आणि तिसऱ्यातलं अंतर म्हणजे सफाई. ही दोन अंतरं वेगळी ठेवा, पुढे त्यांचा उपयोग वेगवेगळा आहे.

समजा, दहा फिलिंगना लागलेली मिनिटं चढत्या क्रमाने अशी आली: २२, २५, २६, २८, २९, ३१, ३३, ३५, ४१, ४८. मधले दोन आकडे २९ आणि ३१, म्हणजे मध्यक ३०. फिलिंगचा स्लॉट ३० मिनिटांचा. ४८ मिनिटांच्या त्या एका पेशंटला घाबरून स्लॉट ४५ चा करू नका, तो उशीर झेलायला वहीत मुद्दाम रिकामा ठेवलेला वेळ, म्हणजे बफर, आहे. स्लॉटही फुगवला आणि वर बफरही ठेवला, तर एकाच भीतीपायी दोनदा वेळ मोजला जातो आणि आठवड्याला कित्येक पेशंट कमी बघितले जातात.

आमच्याकडे शेवटी ठरलेल्या वेळा अशा: जुन्या पेशंटने नुसतं दाखवणं किंवा टाके काढणं १० मिनिटं, नव्या तक्रारीची तपासणी १५, फिलिंग ३०, दात साफ करणं ३०, साधी दाढ काढणं ३०, रूट कॅनालची एक सीटिंग ४५. तुमच्या वेळा वेगळ्या येतील. डॉक्टर बदलले तरी त्या बदलतात.

## रूट कॅनालचा वेळ दर वेळी वेगळाच येतो. त्याचं काय करायचं?

"रूट कॅनाल" हे एक काम नाही, म्हणून तसं होतं. पुढच्या दाताला बहुतेक वेळा एकच नळी असते. दाढेला तीन असतात, आणि वरच्या पहिल्या दाढेत बऱ्याचदा चौथीही असते. ती बारीक असते आणि शोधण्यात वेळ जातो. शिवाय दाढ पहिल्यांदा उघडायची सीटिंग वेगळी आणि नळ्या भरून बंद करायची सीटिंग वेगळी. सगळ्यांची मिनिटं एका यादीत टाकली तर २५ पासून ७० पर्यंत काहीही दिसतं आणि त्या यादीच्या मध्यकाला काही अर्थ राहत नाही.

वहीत दोनच भाग करा: "पुढचा दात" आणि "दाढ". डॉक्टरांना वेळ असेल तर दाढेचे आणखी दोन, पहिली सीटिंग आणि नंतरच्या. एवढ्यानेच आकडे बरेच जवळ येतात. याहून बारीक भाग करायच्या फंदात पडू नका. फोनवर बसलेल्या माणसाला पंधरा प्रकारांतून एक निवडता येत नाही, आणि चुकीचा प्रकार निवडला गेला तर नुसत्या अंदाजापेक्षा वाईट.

अक्कलदाढेचं तर मी ठरावीक वेळेत बसवतच नाही. हाडात अडकलेली दाढ असेल तर डॉक्टर एक्स-रे बघून सांगतील तेवढा वेळ, आणि ती सत्रातलं शेवटचं काम.

## फोनवर पेशंट नुसतं "दाढ दुखतेय" म्हणतो. स्लॉट कोणता द्यायचा?

तपासणीचा, नेहमीच. दुखणाऱ्या दाढेला फिलिंग लागेल, रूट कॅनाल की काढायचीच, हे फोनवर ना पेशंटला माहीत ना तुम्हाला. आमच्या रिसेप्शनवर एकच प्रश्न ठरलेला आहे: "काका, नवीन त्रास दाखवायचाय की चालू काम पुढे करायचंय?" नवीन त्रास म्हटलं की तपासणीचा स्लॉट. डॉक्टर बघतात, एक्स-रे काढतात, दुखणं थांबेल एवढं करतात आणि चिठ्ठीवर पुढच्या कामाचा प्रकार लिहून देतात. ती चिठ्ठी बघून पुढची वेळ रिसेप्शनवर दिली जाते.

काही पेशंट नाराज होतात, "आत्ताच करून टाका ना" म्हणतात. लांबून आलेल्या माणसाचं म्हणणं रास्तही आहे, म्हणून बाजाराच्या दिवशी त्यांच्यासाठी एक तीस मिनिटांचा स्लॉट मोकळा ठेवलेला असतो, तो खाली सांगितला आहे. पण प्रत्येक तपासणीचं तिथल्या तिथे काम सुरू झालं तर वहीतली एकही वेळ खरी राहत नाही.

## सफाईचा वेळ म्हणजेच बफर ना?

नाही, आणि सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. खुर्ची पुसणं, आवरणं बदलणं, वापरलेला ट्रे उचलून नवा मांडणं, सक्शनची नळी धुणं, हे प्रत्येक पेशंटनंतर होतंच. काम वेळेत संपलं तरी होतं. ते टळत नाही, म्हणून ते बफर नव्हे, कामाचाच भाग आहे. पुसायच्या औषधाच्या बाटलीवर ते पृष्ठभागावर किती मिनिटं ओलं राहायला हवं ते छापलेलं असतं. ती मिनिटं घाईत कापली की जंतू मरत नाहीत, नुसतं पुसल्याचं समाधान मिळतं. आम्ही साध्या तपासणीनंतर ५ आणि रक्त-पाण्याचं काम झाल्यावर १० मिनिटं धरतो.

बफर म्हणजे काम लांबलं तर तो उशीर झेलायला ठेवलेला रिकामा वेळ. काही दिवशी तो लागणार नाही, आणि तसंच असायला हवं. सफाईला बफर म्हणायला लागलात, तर उशीर झालेल्या दिवशी डॉक्टर "बफर खाऊन टाकू" म्हणतील आणि नेमकी सफाई कापली जाईल.

## बफर प्रत्येक पेशंटनंतर थोडा थोडा ठेवावा की एकदम?

एकदम, पण एकाच जागी नाही.

समजा सत्रात चार कामं आहेत आणि प्रत्येक साधारण ८ मिनिटांनी इकडे-तिकडे होतं. प्रत्येकानंतर ८ मिनिटं सोडली तर ३२ मिनिटं गेली. पण चारही कामं एकाच दिवशी लांबायची शक्यता कमी असते. एखादं लांबतं, एखादं लवकर आटोपतं. एकमेकांशी संबंध नसलेल्या अशा चार कामांचा एकत्र चढउतार ८ ची चौपट होत नाही. तो ८ गुणिले चारचं वर्गमूळ, म्हणजे १६ मिनिटं होतो. तेवढीच खात्री निम्म्या वेळात मिळते.

याला एक अट आहे. लवकर संपलेल्या कामाचा फायदा तेव्हाच होतो, जेव्हा पुढचा पेशंट बाहेर येऊन बसलेला असतो. नाहीतर लवकर संपलं ते वाया जातं आणि उशीर तेवढा साठत राहतो. म्हणून पेशंटला त्याच्या स्लॉटच्या दहा मिनिटं आधीची वेळ सांगतो, आणि ती का सांगतो तेही सांगतो: "तुमचा नंबर साडेपाचचा आहे, पाच वीसला येऊन बसा, आधीचं लवकर आटोपलं तर तुम्हाला लगेच घेऊ."

सगळा बफर शेवटी ठेवला तर दवाखाना वेळेवर बंद होतो, पण मधले पेशंट ताटकळतात. सगळा सुरुवातीला ठेवला तर तो कशालाच उपयोगी पडत नाही, कारण अजून उशीरच झालेला नसतो. साडेतीन तासांच्या सत्रात मी दोन ठेवतो: मोठा साधारण मध्यावर, लहान शेवटी.

## एक अख्खी संध्याकाळ लावून दाखवाल का?

वेळ ५:०० ते ८:३०, म्हणजे २१० मिनिटं. सफाई धरून वही अशी लागली:

५:०० टाके काढणे (१० + ५)
५:१५ जुना पेशंट, दाखवायला (१० + ५)
५:३० फिलिंग (३० + १०)
६:१० दात साफ करणे (३० + १०)
६:५० बफर (१५)
७:०५ त्याच दिवसाचा स्लॉट (१५ + ५)
७:२५ रूट कॅनाल, दाढ (४५ + १०)
८:२० बफर (१०)

आता काम प्रत्यक्ष कसं गेलं ते बघा. टाके ८ मिनिटांत निघाले, सफाई होऊन ५:१३ झाले. जुना पेशंट येऊन बसलेलाच होता, त्याला लगेच घेतलं. त्याचं १४ मिनिटं चाललं, ५:३२ ला खुर्ची तयार. फिलिंगवाल्याची भूल उशिरा चढली आणि कीड खोल निघाली, ४१ मिनिटं लागली. सफाई धरून ६:२३ झाले. दात साफ करायला आलेल्या बाईंना १३ मिनिटं थांबावं लागलं. त्यांचं काम २८ मिनिटांत झालं आणि ७:०१ ला खुर्ची तयार. म्हणजे तो उशीर बफरमध्ये मुरला आणि चार मिनिटं उरली. ७:०५ ला दुपारी फोन केलेला ठणक्याचा पेशंट, १८ मिनिटं. ७:२८ ला रूट कॅनाल सुरू, ५० मिनिटं. ८:२८ ला सफाईसकट सगळं आटोपलं.

याच सहा पेशंटना, याच क्रमाने, अर्ध्या अर्ध्या तासाच्या वेळा दिल्या असत्या तर? कामाला लागलेली मिनिटं तीच धरा. पहिल्या तासात खुर्ची एकूण २८ मिनिटं रिकामी राहिली असती, कारण पुढच्याला साडेपाच आणि सहाची वेळ दिलेली. सहाचं फिलिंग सफाईसकट ६:५१ ला संपलं असतं. मग दात साफ करणाऱ्या बाई २१ मिनिटं थांबल्या असत्या, ठणक्याचा पेशंट २९ आणि रूट कॅनालचा २२. दवाखाना ८:५२ ला बंद झाला असता. थांबण्याची बेरीज ७२ मिनिटं. आमच्या वहीत ती १८ आली. पेशंट तेच, डॉक्टरांचा हात तोच, एकही मिनिट घाई केलेली नाही.

## मोठं काम आधी उरकून टाकलं तर बरं नाही का?

डॉक्टरांना तसं वाटणं स्वाभाविक आहे. सुरुवातीला हात ताजा असतो आणि अवघड काम डोक्यावरून उतरतं. पण वहीच्या दृष्टीने ज्या कामाचा भरवसा कमी ते शेवटी हवं. पाचला सुरू झालेलं रूट कॅनाल वीस मिनिटं लांबलं तर बफर येईपर्यंतचे सगळे जण वीस मिनिटं थांबतात. ७:२५ चं लांबलं तर फक्त बंद करायला उशीर होतो. इथे काम किती मोठं यापेक्षा ते किती बदलतं ते बघायचं. पाऊण तास म्हणजे पाऊण तासच लागणारं काम असेल तर ते आधी ठेवायला हरकत नाही.

अपवाद आहेत. मधुमेहाच्या पेशंटची दाढ काढायची असेल तर जेवण आणि औषध वेळेवर झालेलं असताना, शक्यतो सकाळी, डॉक्टर सांगतील तेव्हाच बोलवतो. लहान मुलांनाही संध्याकाळी उशिरा नको, ती पेंगुळतात आणि चिडतात. अशा ठिकाणी क्रम बिघडला तरी चालेल, फक्त त्या कामानंतर लगेच बफर सरकवून घ्या.

## सुरुवातीला दोघांना एकाच वेळी बोलवावं, असं काही जण सांगतात. खरं आहे का?

ही सूचना जुनी आहे. १९५२ साली इंग्लंडमध्ये बेली आणि वेल्च यांनी हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागांसाठी ती मांडली: सत्राच्या सुरुवातीला दोन पेशंट बोलवा, आणि पुढचे प्रत्येकी सरासरी तपासणीच्या अंतराने. पहिला पेशंट आलाच नाही किंवा लवकर आटोपला तरी डॉक्टर रिकामे बसत नाहीत, आणि बाकीच्यांचं थांबणं मर्यादेत राहतं.

जिथे सगळ्या भेटी साधारण सारख्या असतात तिथे, म्हणजे ताप-खोकल्याच्या जनरल प्रॅक्टिसमध्ये, ही पद्धत छान चालते. दातांच्या दवाखान्यात दुसरा पेशंट दहा मिनिटांच्या कामाचा असेल तरच ती वापरा. दोन फिलिंग पाचला बोलावलीत तर एकाला चाळीस मिनिटं बसवून ठेवाल.

## खेड्यावरून एसटीने येणाऱ्यांना ५:१५ ची वेळ देऊन काय उपयोग?

काहीच नाही. गाडी आली तर येणार. बाजाराच्या दिवशी आमच्याकडे निम्मे पेशंट असेच असतात, आणि त्यांना मिनिटांत वेळ देणं म्हणजे उगाच त्यांना चुकीचं ठरवणं.

त्या दिवशी सकाळचं सत्र तासांच्या गटांत लावतो. "दहा ते अकरामध्ये या" असं तिघांना सांगतो: दोघं दहा-दहा मिनिटांच्या कामाचे, एक तपासणीचा. सफाई धरून ५० मिनिटं होतात, उरलेली दहा त्या तासाचा बफर. जो आधी येईल तो आधी आत. फिलिंग किंवा रूट कॅनाल या गटात घालायचं नाही, त्यांना ठरलेली वेळच द्यायची. आणि लांबून आलेल्याचं काम एका फेरीत होण्यासारखं असेल तर अकरानंतर एक तीस मिनिटांचा स्लॉट त्यांच्यासाठीच मोकळा ठेवलेला असतो. परत येण्यात त्यांची अख्ख्या दिवसाची मजुरी बुडते, हे वही लावणाऱ्याने विसरू नये.

## त्याच दिवसाचा स्लॉट कधी भरायचा? आणि बफरमध्ये पेशंट घेतला तर?

त्याच दिवसाचा स्लॉट सकाळपर्यंत कोणालाही द्यायचा नाही. सूज, ठणका, पडून तुटलेला दात, यांच्यासाठी तो आहे. दुपारी चारपर्यंत कोणी आलं नाही तर यादीतल्या एखाद्या जुन्या पेशंटला फोन करून बोलवा.

बफर मात्र कधीच विकायचा नाही. ओळखीचे येतात, "पाच मिनिटंच" म्हणतात, आणि वहीत रिकामी जागा दिसत असते. म्हणून आमच्या वहीत बफरची जागा कोरी नसते, तिथे "नोंदी" असं लिहून ठेवलेलं असतं. उशीर झाला नाही तर त्या पंधरा मिनिटांत खरोखर नोंदी पूर्ण होतात आणि वहिनी चहा घेते.

## वहीत मधेच दहा-दहा मिनिटांच्या फटी राहतात, त्यात काहीच बसत नाही. असं का?

पेशंट म्हणेल ती वेळ दिली की असं होतं. समजा ५:३० ते ६:१० ही ४० मिनिटं रिकामी आहेत, बरोबर एका फिलिंगची जागा. कोणीतरी टाके काढायला "पावणेसहाला चालेल का?" विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. ५:४५ ते ६:०० भरलं. आता आधी १५ आणि नंतर १० मिनिटं उरली. फिलिंगची जागा गेली, आणि शेवटच्या दहात सफाईसकट काहीच बसत नाही.

नियम साधा आहे. लहान काम रिकाम्या जागेच्या एका टोकालाच चिकटवायचं, आणि ते बसवल्यावर उरणारी जागा एकतर शून्य असावी किंवा तुमच्या सर्वांत लहान कामाएवढी, म्हणजे आमच्या हिशेबाने सफाईसकट १५ मिनिटं, तरी असावी. वरच्या उदाहरणात ५:३० दिलं तर मागे २५ मिनिटं सलग उरतात, त्यात तपासणी बसते. फोनवर "कधी येता?" असं मोकळं विचारू नका, दोन वेळा सुचवा: "साडेपाच की पाच पंचावन्न?" बहुतेक जण त्यातली एक घेतात.

## खुर्ची रिकामी, डॉक्टर रिकाम्या, तरी काम सुरू होत नाही. हे कुठे धरायचं?

हत्यारांकडे बघा. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटं निर्जंतुकीकरण होतं, पण तापणं, वाफ सोडणं आणि वाळणं धरून पूर्ण फेरी त्याहून बरीच लांब असते. आपल्या यंत्राची फेरी एकदा घड्याळ लावून मोजा. दाढ काढायच्या हत्यारांचे दोनच संच असतील तर लागोपाठ तिसरी दाढ लावता येत नाही, मग खुर्चीच्या वहीत कितीही जागा असो. आमच्याकडे वहीच्या वरच्या कोपऱ्यात त्या सत्राला "दाढ काढणे: २" असं लिहिलेलं असतं आणि दोन झाल्या की तो प्रकार बंद. वीज जाण्याच्या दिवसांत आकडा १ वर आणतो, कारण इन्व्हर्टरवर दिवे चालतात, ऑटोक्लेव्ह नाही.

## दुसरी खुर्ची घेतली तर पेशंट दुप्पट होतील का?

होणार नाहीत, डॉक्टर एकच आहेत. पण काही वेळ मोकळा मात्र होतो. खालच्या दाढेची भूल चढायला साधारण ३ ते ५ मिनिटं लागतात, कधी जास्तही. सफाईची दहा मिनिटं असिस्टंटची असतात, डॉक्टरांची नव्हेत. दुसरी खुर्ची असेल तर या वेळात डॉक्टर टाके काढू शकतात. त्यासाठी वहीत दोन रकाने लागतात, एक खुर्चीचा आणि एक डॉक्टरांचा, आणि नवी वेळ दोन्हींत मोकळी असेल तरच द्यायची. असिस्टंट एकच असेल तर थांबा. दोन खुर्च्या एकाच वेळी साफ करायची वेळ आली की सगळा फायदा तिथेच संपतो.

## उशिरा येणाऱ्यांचं आणि न येणाऱ्यांचं काय करता?

दहा मिनिटांपर्यंत उशीर असेल आणि काम दहा मिनिटांचं असेल तर घेतो. तीस मिनिटांच्या कामाला वीस मिनिटं उशिरा आलेल्याला त्याच स्लॉटमध्ये कोंबत नाही. त्या दिवशी तात्पुरतं काय करता येईल ते करतो आणि पुढची वेळ देतो. आदल्या संध्याकाळी मोठ्या कामाच्या पेशंटना फोन होतोच. कोणी येणार नाही म्हणून एकाच वेळी दोघांना नोंदवणं एका खुर्चीच्या दवाखान्यात करू नका, दोघंही आले की तुमच्याकडे उत्तर नसतं.

## प्रोग्रॅममध्ये दोन अपॉइंटमेंट एकमेकींवर येतात. कुठे चुकतं?

बहुतेक वेळा तीनपैकी एका ठिकाणी. पहिलं, फक्त सुरुवातीची वेळ तपासली जाते. पाचचं रूट कॅनाल असताना ५:१५ ची सुरुवात "मोकळी" दिसते. दोन्ही टोकं तपासायला हवीत:

```python
def clash(a_start, a_end, b_start, b_end):
    return a_start < b_end and b_start < a_end
```

इथे शेवटची वेळ सफाई धरून घ्यायची. पेशंटला दाखवायची वेळ वेगळी असू शकते. चिन्ह `<` आहे, `<=` नाही, म्हणून ५:१५ ला संपणारं आणि ५:१५ ला सुरू होणारं काम शेजारी शेजारी बसतं.

दुसरं, दोन माणसं एकाच क्षणी नोंद करतात. एक रिसेप्शनवर, एक घरून मोबाइलवर. दोघांनाही जागा रिकामी दिसते आणि दोघंही जतन करतात. ही तपासणी प्रोग्रॅमवर सोडू नका, डेटाबेसलाच करू द्या. पोस्टग्रेसमध्ये असं:

```sql
CREATE EXTENSION IF NOT EXISTS btree_gist;
ALTER TABLE appointment ADD CONSTRAINT no_clash
  EXCLUDE USING gist (
    chair_id WITH =,
    tstzrange(start_at, end_at, '[)') WITH &&
  ) WHERE (status <> 'cancelled');
```

तिसरं, अपॉइंटमेंटमध्ये शेवटची वेळ न साठवता दर वेळी कामाच्या प्रकारावरून मोजली जाते. मग एके दिवशी तुम्ही फिलिंग ३० वरून ३५ केलं की पुढच्या महिन्याच्या सगळ्या नोंदी फुगून एकमेकींवर चढतात. नोंद करताना जी लांबी होती ती त्या नोंदीतच लिहून ठेवा.

## बफर बरोबर आहे की नाही, हे कळतं कसं?

रोज तीन ठिकाणी उशीर टिपा: पहिला पेशंट बसला तेव्हा, मधल्या बफरच्या आधी, आणि बंद करताना. दोन आठवड्यांनी बघा.

पहिल्याच ठिकाणी उशीर दिसत असेल तर वहीचा दोष नाही. डॉक्टर किंवा पहिला पेशंट उशिरा येतोय, आणि बफर वाढवून ते बरं होत नाही. मधला बफर जवळजवळ कधीच लागला नाही तर पाच मिनिटं कमी करा. तो रोज पूर्ण संपत असेल आणि तरी उशीर पुढे जात असेल तर बफर वाढवायच्या आधी कामांची मिनिटं पुन्हा मोजा. एखादा स्लॉट मुळातच आखूड आहे. आमच्याकडे तसा दात साफ करण्याचा निघाला होता. तंबाखू-मिश्री लावणाऱ्या पेशंटना तीस मिनिटं पुरत नव्हती. त्यांच्यासाठी ४५ मिनिटांचा वेगळा प्रकार केला, आणि पंधरा मिनिटांचा बफर पुन्हा पुरायला लागला.